मदत हवी आहे: सीएसआर अर्जांची नोंद-शीट, फॉलो-अप आणि परिच्छेद

ओढ्याकाठची
नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. १२ए, ८०जी, सीएसआर-१ सगळं झालंय. कंपन्यांना प्रस्ताव पाठवते, पण कोणाला कधी विचारायचं ते लक्षात राहत नाही. म्हणून गूगल शीट केली: डी रकान्यात पाठवल्याची तारीख, ई-मध्ये शेवटचं बोलणं, एफ-मध्ये पुढचा फॉलो-अप. सूत्र असं:

```
=IF(E2="", D2+21, E2+30)
```

काही ओळींत भलत्याच तारखा येतात, काहींत `#VALUE!`. १२ जूनला पाठवलेल्या प्रस्तावाला २७ डिसेंबर दाखवतंय! दुसरं, प्रत्येक अर्ज नव्याने लिहिण्यात रात्र जाते. जुने चांगले परिच्छेद कसे जपून ठेवता?

बंड्या_७७
नोकरीच्या अर्जांना तीन आठवडे फार होतात हो ताई. एचआरला आठवड्यात मेल टाकायचा. मला तसाच कॉल आला होता.

ओढ्याकाठची
दादा, नोकरी नाही, संस्थेसाठी निधी मागतेय :)

हिशेबनीस
सूत्र बरोबर आहे, घोळ तारखेत आहे. तुमची शीट अमेरिकन पद्धतीवर आहे. १२/०६ टाकलं की ती ६ डिसेंबर समजते, त्यात २१ मिळवले की २७ डिसेंबर. २५/०६ टाकलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर होते आणि `#VALUE!` येतं. ओळखायची खूण: खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटून राहतो.

File > Settings मध्ये Locale India करा. पण तेवढ्याने जुन्या नोंदी सुधरत नाहीत. ६ डिसेंबर म्हणून साठवलेली तारीख ६ डिसेंबरच राहते, फक्त दिसते वेगळी. १ ते १२ तारखांच्या ओळी मेलच्या पाठवल्याच्या तारखेशी ताडून परत टाका. `#VALUE!` वाल्याही परत टाका. या दुसऱ्या बऱ्या, निदान ओरडतात तरी. पहिल्या गुपचूप चुकतात.

आणखी एक, नकार आला की ती ओळ थांबली पाहिजे. जी-मध्ये स्थिती लिहा आणि सूत्र असं करा:

```
=IF(G2="नकार", "", IF(E2="", D2+21, E2+30))
```

मोहोळ_मावशी
आमच्या ट्रस्टमध्ये फॉलो-अप फक्त फेब्रुवारी-मार्चमध्येच करतो. कंपन्यांकडे पैसा उरलेला असतो, तो ३१ मार्चच्या आत खपवायचा असतो. बाकी वर्षभर फोन करून काय उपयोग?

हिशेबनीस
मावशी, अर्धं बरोबर. मार्चमध्ये धावपळ असतेच. पण २०२१ पासून नियम बदललेत. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा कंपनी ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करू शकते. चालू प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारी निधीत जाते. म्हणजे मार्चअखेर नव्या संस्थेला पैसे द्यायलाच हवेत अशी सक्ती नाही.

शिवाय कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा कृती-आराखडा संचालक मंडळाकडे पाठवते. मधेच बदल करता येतो, पण आराखड्याआधी पोचलेला प्रस्ताव सोपा पडतो. म्हणून मी शीटमध्ये ‘समितीची बैठक कधी’ असा रकाना ठेवतो. पहिल्याच फोनवर तेवढं विचारायचं. उत्तर मिळालं की २१ दिवसांचा हिशेब सोडा, बैठकीच्या दहा दिवस आधीची तारीख हातानेच घाला.

मोहोळ_मावशी
आम्हाला मार्चमध्येच मिळालेत, एवढं सांगते.

ओढ्याकाठची
तारखा ताडल्या, बरोबर येताहेत. आता परिच्छेदांचं सांगा.

कागदपत्री
मी संस्थांचे प्रस्ताव लिहिते. दुसऱ्या टॅबमध्ये एका ओळीत एक परिच्छेद ठेवा आणि त्याला क्रमांक द्या: ग-१ म्हणजे गरज, प-१ म्हणजे पद्धत, ख-१ म्हणजे खर्चाचं समर्थन. अर्जाच्या ओळीत कोणते क्रमांक वापरले तेवढंच लिहायचं.

परिच्छेदात आकडे आणि कंपनीचं नाव कधी ठेवू नका. ‘यंदा [मुलांची संख्या] मुलं, [महिना] ते [महिना]’ असा साचा ठेवा. पाठवण्याआधी `[` शोधा, एकही उरता कामा नये. नाहीतर गेल्या हंगामाचा पट किंवा दुसऱ्याच कंपनीचं नाव जातं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावरच दिसतं.

चांगला परिच्छेद कोणता, हे मंजुरीवरून ठरवू नका. थोड्या अर्जांत ते कळत नाही, पैसे बहुतेक वेळा जिल्हा जुळला म्हणून मिळतात. समोरच्याने काय विचारलं ते टिपा. ‘मुलं हंगाम संपल्यावर कुठे जातात?’ असं दोघांनी विचारलं, तर ग-१ मध्ये ते उत्तर नाहीये. ते घालून ग-२ करा, ग-१ पुसू नका.

ओढ्याकाठची
अगदी हाच प्रश्न एका कंपनीने विचारला होता! ग-२ आजच लिहिते. फॉलो-अप फोनवर करावा की मेलवर?

हिशेबनीस
मेल. लेखी राहतं.

मोहोळ_मावशी
फोन. मेल कोण उघडतंय?