अनुभव धागा: साध्या रस्त्याच्या फोटोत बर्फ पाडताना

गल्लीबोळ
मॉन्ट्रियलच्या प्लाटो भागात घरांचे जिने बाहेरून थेट फुटपाथवर उतरतात. नोव्हेंबरातल्या ढगाळ दुपारी काढलेल्या अशा एका गल्लीच्या फोटोवर सध्या बर्फ पाडतोय. ढगाळ फोटो मुद्दाम घेतला. उन्हाच्या कडक सावल्या असल्या की बर्फ खोटाच दिसतो.

फोटोशॉपमधली माझी पद्धत अशी: नवा लेयर काळ्याने भरायचा, Filter > Noise > Add Noise, खाली Monochromatic वर टिक. मग दोनेक पिक्सेल Gaussian Blur, आणि Levels मध्ये काळा-पांढरा स्लायडर जवळ आणत जायचं, तुरळक ठिपके उरेपर्यंत. लेयर Screen वर टाकला की काळं निघून जातं. पडणारा बर्फ बरा जमलाय, पण पायऱ्यांवर, कठड्यावर बसलेला बर्फ चिकटवल्यासारखा वाटतो. तुम्ही कसं करता ते लिहा, दुसऱ्या जागांचे अनुभवही चालतील.

रानपाखरू
मी एकच लेयर बनवते, त्याच्या दोन कॉप्या काढून एक दुप्पट, एक चौपट मोठी करते. तिन्हींना सारखाच Motion Blur. लहान, मध्यम, मोठे असे सगळे कण मिळतात, काम पटकन होतं.

धुकेकर
रानपाखरू, आकार मिळतात हे खरं. पण कॉपी मोठी केली की ठिपक्यांची तीच नक्षी पुन्हा दिसते, म्हणून निदान 180 अंश फिरवून घ्या. आणि सारखा ब्लर नको. बर्फाचा कण साधारण सेकंदाला एक मीटर पडतो. शटर 1/50 असेल तर तेवढ्यात तो 2 सेंटीमीटर सरकतो. लेन्सपासून हातभर अंतरावर त्या 2 सेंटीमीटरची लांबट रेघ होते, गल्लीच्या टोकाला ठिपकाच राहतो. मूळ फोटोचं शटर बघायचं आणि Motion Blur फक्त जवळच्या लेयरला ठळक द्यायचा. हे जवळचे कण मऊ ब्रशने हातानेच ठेवतो, मोजके, फोकसबाहेरचे, 30-40 टक्के अपारदर्शक. चेहऱ्यावर किंवा पाटीवर एकही नाही.

गल्लीबोळ, तुमच्या फोटोत दुसरी एक गोष्ट तपासा. डावीकडचा जिना कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असेल, तर त्याच्यासमोर हवाच कमी, म्हणून कणही कमी हवेत. गल्लीच्या टोकाकडे बघताना मधे पन्नास-साठ मीटर हवा असते, तिथे बारीक कणांची गर्दी होते आणि मागच्या विटा फिकट पडतात. म्हणून लांबच्या लेयरला मास्क लावून जिन्यावरून पुसून टाका. टोकाकडे फिकट राखाडीचा ग्रेडियंट 20-25 टक्क्यांवर द्या. आभाळावर बर्फ दिसत नाही म्हणून तो वाढवू नका, पांढऱ्या आभाळावर तो खऱ्या फोटोतही उठून दिसत नाही.

पायपीट
मनालीला जानेवारीत जातोय. पडत्या बर्फात कॅमेरा नेला तर आत बाष्प धरतं का?

धुकेकर
इथे फोटोवर नंतर बर्फ घालण्याचं चाललंय. तरी सांगतो, बाहेरून ऊबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीइतका गरम झाल्यावरच काढा. बाष्प पिशवीवर धरेल.

टोरांटोची_मावशी
बसलेल्या बर्फाचं मी सांगते, खिडकीतून दर हिवाळ्यात बघतेच आहे. बर्फ वरून येतो, म्हणून आभाळाकडे तोंड असलेल्या जागीच बसतो. कठड्याच्या वरच्या कडेवर, तारांवर, खिडकीच्या ओट्यावर. भिंतीवर नाही, गॅलरीखालच्या पट्ट्यात तर मुळीच नाही. पायऱ्यांवर तो मागच्या कोपऱ्यात साचतो, मधे पाय पडून उडालेला असतो. नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीचं बॉनेट गरम असतं, तिथे वितळतो, टपावर राहतो.

ब्लेंडिंगमधून उजळ भाग आपोआप पांढरे करायचा प्रयत्न सोडून द्या, त्यात पांढरी दारंही बर्फाळतात. मी वेगळ्या लेयरवर खरबरीत कडेच्या ब्रशने रंगवते. रंग शुभ्र नाही, किंचित निळसर राखाडी, साधारण 225, 232, 240. कडा पिठी भुरभुरल्यासारखी तुटक ठेवायची आणि तिच्या खाली एक-दोन पिक्सेलची पुसट सावली. तुमचा बर्फ चिकटवल्यासारखा वाटतो तो ही सावली नसल्यामुळे असेल.

गल्लीबोळ
मावशी, सावली देऊन पाहिली आणि कठडा लगेच बसला. लांबचा लेयर जिन्यावरून पुसल्यावर जिना पुढे आला. आता डांबराचा प्रश्न. ओल्या रस्त्यावर पहिला बर्फ वितळतो, तेव्हा तो काळाच ठेवू का?

रानपाखरू
मी काळाच ठेवेन, फक्त फुटपाथच्या फटींत पांढरं.

धुकेकर
मला पटत नाही. जिन्यावर इतकं साचलं असेल तर डांबरावरही पातळ थर हवा, मधे चाकांच्या दोन ओल्या रेघा. गाडी गेल्याची खूण नसेल तर रस्ता रिकामा का, हे फोटोतून कळायला हवं.

टोरांटोची_मावशी
ते किती वेळ पडतोय यावर आहे. अर्धा तास झाला असेल तर रानपाखरूचं बरोबर, कारण लोखंडी कठडा आधी गारठतो, डांबर उशिरा. आधी तेवढं ठरवा, मग रंगवा.