शब्दचर्चा: 'फॉल्स डिफ्यूजन'ला कृत्रिम विसरण म्हणायचं का खोटं विसरण?

वाळवेकर: नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहाय घेतल्यात, त्यात अपविंड स्कीमचं प्रकरण आलंय. डिफ्यूजनला शाळेपासून विसरण म्हणतोच, सेंट्रल डिफरन्सिंग मी तसंच ठेवलंय. अडलंय ते फॉल्स डिफ्यूजनपाशी. 'कृत्रिम विसरण' लिहिलं होतं, पण सहकारी म्हणाले अर्थ बदलतो. आणि अपविंडला काय म्हणावं हेपण सांगा.

चाळकेवाडी: आमच्या पठारावर पवनचक्क्या आहेत त्या अपविंडच, म्हणजे पाती खांबाच्या पुढं, वारा येतो त्या अंगाला. वारा फिरला की वरचं डोकं फिरवून परत वाऱ्याकडं तोंड करावं लागतंय. ह्यात विसरणाचा काय संबंध ते कळलं नाही, का तुम्ही पात्यामागच्या वाऱ्याबद्दल विचारताय?

माहुली: चाळकेवाडी दादा, ही पवनचक्की नाही, गणित सोडवायची रीत आहे, पण तुम्ही सांगितलेला अर्थ बरोब्बर तोच. प्रवाह जिकडून येतो त्या अंगाच्या बिंदूची किंमत घ्यायची. नदीकाठी आपण 'वरच्या अंगाला' म्हणतोच की, त्यामुळं 'वरच्या अंगाची स्कीम' चालंल, नाहीतर अपविंडच ठेवा.

आता कृत्रिम का खोटं. वाळवेकर सर, एक उदाहरण हातानं सोडवून बघा. १ मीटर लांबी, वेग १ मी/से डावीकडून उजवीकडं, विसरण गुणांक 0.05 चौ.मी/से, डाव्या टोकाला तापमान ० आणि उजव्या टोकाला १००. प्रवाह गार पाणी उजवीकडं रेटतोय, म्हणून गरम भाग उजव्या टोकाला चिकटून बसणार. पाच भाग केले, प्रत्येक 0.2 मीटरचा. शेवटून दुसऱ्या बिंदूवर, म्हणजे 0.8 मीटरला, खरं उत्तर साधारण 1.8 आहे. सेंट्रलनं, म्हणजे दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांच्या किमती घेऊन, तिथं −32.8 येतं आणि त्याच्या आधीच्या बिंदूवर +11.5, म्हणजे एक वर एक खाली असं नाचतंय. अपविंडनं येतं २०. नाचत नाही, पण अकरापट जास्त.

सेंट्रल का नाचतं, तर उजव्या शेजाऱ्याचा गुणक विसरणातून +0.25 येतो आणि प्रवाहातून −0.5, बेरीज उणे. म्हणजे शेजारी तापला की हा बिंदू गार होतो, जे निसर्गात होत नाही. वेग गुणिले अंतर भागिले विसरण, हा पेक्ले आकडा इथं ४ आहे, आणि २ च्या वर गेला की हे होणार. अपविंडमध्ये काय होतं ते एका ओळीत दिसतं:

```
u(T[i]-T[i-1])/dx = u(T[i+1]-T[i-1])/(2dx)
        - (u dx/2)(T[i+1]-2T[i]+T[i-1])/dx^2
```

हे अंदाजे नाही, तंतोतंत समान आहे. म्हणजे अपविंड म्हणजे सेंट्रलच, फक्त विसरणात u·dx/2 गुपचूप मिळवलेलं. आपल्या उदाहरणात ते 0.1 होतं, खऱ्या 0.05 च्या दुप्पट. तुम्ही 0.05 चं गणित दिलं आणि मशीननं 0.15 चं सोडवलं. म्हणून मी 'खोटं विसरण' म्हणीन. 'कृत्रिम' शब्द तेव्हा, जेव्हा आपण जाणूनबुजून घालतो, जसं शॉक पकडायला व्हॉन नॉयमन आणि रिख्टमायरनी १९५० साली मुद्दाम घातलेली व्हिस्कॉसिटी. तिथं किती घातली ते माहीत असतं, इथं आपल्याला न विचारता येतं.

इस्लामपूर_मेक: बरोबर आहे, म्हणजे नियम सोपा, पेक्ले २ च्या वर गेला की अपविंड, खाली असला की सेंट्रल. आणि अपविंडचं खोटं विसरण जास्त वाटलं तर मेश बारीक करा, टाइम स्टेप बारीक करा, सगळं बारीक केलं की चूक कमी होतेच.

कृष्णाकाठ: मला ह्याच्यावर विचारायचंच होतं बघा. कराडच्या खाली कृष्णेत मीठ सोडलं तर खाली कधी आणि किती पोचतं ह्याचं साधं मॉडेल केलंय, अपविंड, एक्सप्लिसिट, बिंदू ५०० मीटरवर, वेग 0.5 मी/से. टाइम स्टेप ९०० सेकंद होता, तो अचूक यावं म्हणून १०० केला तर मिठाचा आलेख अजूनच बसका आणि रुंद झाला. मोजलेल्या आलेखाशी जुळवायला गेलं की डिस्पर्शन, म्हणजे नदीत मीठ पसरण्याचा गुणांक, शून्याजवळ आणावं लागतंय, आणि गाईड म्हणतात नदीत शून्य कसं असंल.

माहुली: इस्लामपूर भाऊ, मेशचं बरोबर, टाइम स्टेपचं उलट आहे, आणि कृष्णाकाठचा प्रश्न नेमका तिथंच आहे. वेळेसोबत चालणाऱ्या एक्सप्लिसिट अपविंडमध्ये खोटं विसरण u·dx/2 गुणिले (1 − C), आणि C म्हणजे एका टाइम स्टेपमध्ये पाणी किती खाने पुढं गेलं. ९०० सेकंदात पाणी ४५० मीटर जातं, C 0.9, खोटं विसरण साधारण 12.5 चौ.मी/से. १०० सेकंदाला C 0.1, मग 112.5. म्हणजे स्टेप नऊ भागात कापली आणि विसरण नऊपट वाढलं. तुमच्या डिस्पर्शनची जागा त्यानंच खाल्लीय, म्हणून तुमचा गुणांक शून्याकडं गेला. नदीत डिस्पर्शन नाही असं नाही, ते मॉडेलमध्ये दुसऱ्या नावानं आधीच बसलंय. खात्री करायची असंल तर स्टेप १०० च ठेवा, बिंदू २५० मीटरवर आणा, बाकी काही हलवू नका. खोटं विसरण ५० वर येईल आणि शिखर वर चढंल. खरं डिस्पर्शन असतं तर मेश बदलून शिखर हललं नसतं. इम्प्लिसिट असंल तर चिन्ह उलटं, (1 + C), तिथं मात्र टाइम स्टेप बारीक केल्यानं फायदा होतो.

मिरजेकर: एक आक्षेप आहे माझा. सुहास पाटणकरांनी १९८० च्या पुस्तकात u·dx/2 ला फॉल्स डिफ्यूजन म्हणायलाच हरकत घेतलीय. कारण ती मोजणी टेलर विस्तारावर उभी आहे आणि पेक्ले मोठा असताना तो विस्तार चालत नाही. मोठ्या पेक्लेला खरं उत्तर जवळजवळ सगळीकडं सपाट असतं, आणि तिथं अपविंड बरंच जवळ येतं. त्यांच्या मते खरं फॉल्स डिफ्यूजन दोन मितीत, प्रवाह मेशला तिरका कापतो तेव्हा. मग एका मितीतल्या ह्या प्रकाराला तोच शब्द कसा वापरायचा?

माहुली: मिरजेकर साहेब, मुद्दा वजनाचा आहे, पण आपल्या उदाहरणात पेक्ले ४ आहे आणि २० विरुद्ध 1.8 हा फरक डोळ्यांनी दिसतोय. पेक्ले १०० ला अपविंड एकाच्या जवळपास येतं, खरं शून्य, तिथं तुमचं पटतं. आणि स्थिर गणितात सेंट्रलशी समानता टेलरशिवाय येते, वर दिलीय ती. नदीच्या गणितात तर विसरण मिठाच्या लाटेवर थेट मोजता येतं.

मिरजेकर: समानता मान्य. पण सेंट्रल हे सत्य धरून त्याच्याशी तुलना कराय कशाला? मापदंडच डळमळीत आहे, −32.8 देणारा. खऱ्या, म्हणजे घातांकी उत्तराशी तुलना केली तर 'मिळवलेलं विसरण' वेगळा आकडा येईल.

वाळवेकर: हे नोट्समध्ये कसं घालावं ठरवतो. सध्या वरच्या अंगाची स्कीम आणि खोटं विसरण लिहितोय, मुद्दाम घातलेल्याला कृत्रिम. मिरजेकरांचा आक्षेप वेगळ्या परिच्छेदात ठेवतो, घातांकी उत्तरातून तो आकडा कसा काढायचा ते लिहून दिलंत तर बरं होईल.

कृष्णाकाठ: २५० मीटरवर चालवलं. शिखर चढलं, रुंदी कमी झाली, डिस्पर्शन आता शून्यावरून वर आलंय. ९०० सेकंदाला परत नेऊन ५०० मीटरवर पण चालवतो, आणि दोन्ही गुणांक जुळतात का बघतो.