हिरो शेवटी घरी परतलाच पाहिजे का?

सायली:
आमचा ग्रुप पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला एकांकिका करतोय. तालमीत एक सीनियर म्हणाला की हिरोज जर्नीमध्ये नायक शेवटी घरी परततो, तुमची पोरगी परतत नाही म्हणजे स्ट्रक्चर गंडलंय. हा पॅटर्न नक्की काय आहे ते सोप्या भाषेत सांगा ना, आणि मोडला तर चालतो का?

नळस्टॉपचा नाना:
सोप्पंय. हिरोचं रोजचं आयुष्य चाललेलं असतं, बोलावणं येतं, तो आधी नको म्हणतो, मग कुणीतरी गुरू भेटतो आणि हा उंबरा ओलांडून अनोळखी जगात जातो, तिथे मार खातो, मरता मरता वाचतो, हाती काहीतरी लागतं आणि ते घेऊन घरी येतो. कॅम्पबेल नावाच्या माणसाने हॉलिवूडसाठी या बारा पायऱ्या ठरवून दिल्यात. सीनियर बरोबर आहे तुमचा.

मुक्ता:
नाना, पायऱ्या बरोबर सांगितल्यास पण बाकीचं चुकलं. कॅम्पबेल पुराणकथांचा अभ्यासक, त्याचं पुस्तक 1949 चं आणि त्यात टप्पे 17 आहेत. बारा केले ते व्होगलरने, पटकथावाल्यांसाठी, खूप नंतर. आणि गंमत म्हणजे त्या 17 मध्ये 'परतायला नकार' हा एक टप्पाच आहे! त्याला उदाहरण त्याने आपल्याकडचं घेतलंय, राजा मुचुकुंदाचं. देवांसाठी लढून दमलेला हा राजा झोपेचा वर मागतो, गुहेत युगानुयुगं झोपतो, कृष्णाच्या मागे धावत आलेला कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि त्याच्या नजरेने जळून जातो. मग मुचुकुंद बाहेर येऊन बघतो तर माणसं केवढीशी झालेली, त्याचं जगच उरलेलं नाही, तेव्हा तो सरळ तपाला निघून जातो. त्यामुळे सायली, पोरगी परतली नाही एवढ्याने काही मोडत नाही.

कोथरूडकर:
आमचा मुलगा 2009 ला अमेरिकेला गेला. दरवर्षी म्हणतो पुढच्या वर्षी येतो. फ्लॅटला रंगसुद्धा काढून ठेवलाय. परतायला हवं हेच खरं.

विक्या:
काका 😄 गोष्टींबद्दल चाललंय हो. मुक्ता, पण मग मोडलं कधी म्हणायचं? सगळंच आधीपासून यादीत असेल तर त्या यादीला अर्थ काय राहिला.

मुक्ता:
गोष्टीने एखादी पायरी येणार म्हणून आशा लावायची आणि ऐनवेळी ती काढून घ्यायची, तेव्हा. सैराट घे. पळून जाणं झालं, हैदराबादला आसरा देणारी सुमनअक्का भेटली, हाल झाले, भांडणं झाली, मग नोकरी, बाळ, सगळं मार्गी लागलं. आर्चीने आईला फोन केला की आपण मनात समेटाची तयारी करतो. भाऊ माहेरच्या वस्तू घेऊन दारात येतो, ती चहा टाकते. म्हणजे परतीचीच पायरी आहे ही, फक्त ती घरी जात नाही, घर तिच्याकडे येतं. आणि त्याच पायरीवर दोघांचा खून होतो. नुसती दु:खी करायची असती तर गोष्ट मध्यंतरालाच संपवता आली असती, पण तो चहा मधे नसता तर शेवटची शांतता एवढी अंगावर आली नसती.

विक्या:
नाही पटलं. सैराट जातीबद्दल आहे, त्याला परदेशी साचा लावला की ते सोडून आपण पायऱ्या मोजत बसतो. मुद्दाम मोडणं बघायचं तर लॉर्ड ऑफ द रिंग्ज बघ, लोक त्याला साच्याचा आदर्श नमुना म्हणतात. इतके हाल काढून हिरो फ्रोडो ती घातकी अंगठी नष्ट करायला ज्वालामुखीच्या कड्यावर पोचतो आणि तिथे म्हणतो अंगठी माझी! हिरो हरलाच की. अंगठी नष्ट होते ती तिच्यासाठी वेडा झालेला गोलम त्याचं बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन पडतो म्हणून. पुढे घरी येतो तर पुस्तकात गावाचीही वाट लागलेली असते, 2003 च्या सिनेमात तो भागच गाळलाय. आणि शेवटी जखमा भरत नाहीत म्हणून फ्रोडो जहाजात बसून निघून जातो.

मुक्ता:
फ्रोडो मान्य. जातीचं म्हणशील तर उलट साच्यामुळेच दिसतं मला ते, परतीची वाट कुणाला मिळते नि कुणाला नाही. पण ठीके, तुझं तुझ्यापाशी. सायली, तुमच्या नाटकात आशा कुठे लावलीये?

सायली:
पोरगी एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत राहते. गावाहून एसटीने रोज आईचा डबा येतो, ती स्वारगेटला जाऊन घेते आणि आदल्या दिवशीचा रिकामा परत पाठवते. शेवटी ती डब्यात अभ्यासिकेची किल्ली ठेवून पाठवते, आणि ती कुठे गेली ते आम्ही दाखवतच नाही.

नाना:
मग झालं की! डबा परतला ना, परतीची पायरी आली.

विक्या:
डबा परतला, ती नाही. हेच तर मोडणं.

नाना:
आणि किल्ली? काहीतरी घेऊनच आलाय डबा!

सायली:
अहो तुम्ही भांडा, आमची उद्या सकाळी सातला तालीम आहे 🙏