‘आय डोन्ट नो नथिंग’: चूक की फक्त वेगळी इंग्रजी?

फोंड्याहून एक पालक: मुलाच्या सातवीच्या पेपरात दोन वाक्यांना लाल रेघ आली: ‘आय डोन्ट नो नथिंग’ आणि ‘ही रिटर्न्ड बॅक होम’. दोन्हींपुढे शेरा एकच, ‘ग्रामर’. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत का?

डिचोलीचे गणित शिक्षक: पहिली तर उघडच आहे. उणे गुणिले उणे अधिक. ‘मला काहीतरी माहीत आहे’ असा अर्थ झाला.

पणजीची भाषांतरकार: सर, हे गणित ‘नॉट अनकॉमन’ला काही अंशी लागू पडतं, पण तिथंही उत्तर ‘कॉमन’ येत नाही, ‘अगदीच विरळा नाही’ असं येतं. ‘डोन्ट नो नथिंग’ मात्र ज्यांच्या बोलीत आहे, त्यांच्यात त्याचा अर्थ ‘मला काहीतरी माहीत आहे’ असा कुणी घेत नाही. तिथे दुसरा नकार पहिल्याला जोर देतो. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत असे नकार सर्रास आहेत. ‘दोन नकार म्हणजे होकार’ हा नियम अठराव्या शतकात लाउथसारख्या व्याकरणकारांनी पक्का केला. खरं तर तोवर शिकलेल्यांच्या लिखाणातून ही रचना मागे पडत चाललीच होती. त्यामुळे आज ती प्रमाण इंग्रजीत चूक, पण बोलीत नियमानुसारच.

मडगावहून: माझे वडील पणजीला पोर्तुगीजमधून शिकले. ते ‘नांव सेय नादा’ म्हणायचे. शब्दशः ‘नाही जाणत काहीनाही’. तिथे हेच शुद्ध! मग आमच्या मराठीत काय?

पणजीची भाषांतरकार: मराठीत नकार एकच. ‘मला काहीच माहीत नाही’ यात ‘काहीच’ स्वतः नकारार्थी नाही, नकार ‘नाही’त आहे. मुलगा बहुधा इथेच घसरला: ‘काहीच’ला ‘नथिंग’ लावला आणि ‘नाही’साठी ‘डोन्ट’ही ठेवला. त्याला ‘एनीथिंग’ हवा होता. नुसती लाल रेघ न मारता एवढं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं.

वाळपईहून: म्हणजे ‘पिवळा पीतांबर’सुद्धा बरोबर? आमच्या मास्तरांनी त्यावरून छडी मारली होती.

पणजीची भाषांतरकार: ती नकाराची गोष्ट नव्हे, पण ‘रिटर्न्ड बॅक’ची जात तीच. वाक्याचा सांगाडा धड आहे, ‘केम बॅक’सारखाच, फक्त ‘परत’ हा अर्थ दोनदा आला. हा शैलीचा दोष. याउलट ‘डिस्कस अबाउट’ घ्या. ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतं, मध्ये ‘अबाउट’ खपत नाही. ती प्रमाण इंग्रजीत व्याकरणाची चूक.

डिचोलीचे गणित शिक्षक: माझी उपमा मागे घेतो. पण पेपरात गुण दोन्हींचे कापावेत की नाही?

पणजीची भाषांतरकार: पहिल्याचे कापावेत, पेपर प्रमाण इंग्रजीचा आहे. दुसऱ्याखाली रेघ मारून ‘बॅक’ला कंस करावा, गुण द्यावेत.

म्हापशाची इंग्रजीची शिक्षिका: मला पटत नाही. निबंधात शैलीलाही गुण असतात, तिथे मी अर्धा कापेन.

फोंड्याहून एक पालक: आज पुन्हा पेपर पाहिला. निबंधातच आहे. आणि खाली ‘द रीझन इज बिकॉज’ही आहे, त्याला मात्र रेघ नाही. ते कुठल्या जातीचं?