होम लोनचा स्प्रेड कमी करायला बँक तयार नाही, कसं बोलू? (ठाणे) मदत हवी आहे

घोडबंदरकर: कासारवडवलीच्या फ्लॅटचं लोन २०२४ मध्ये घेतलं, तेव्हा सिबिल ७१० होता म्हणून स्प्रेड ३ टक्के लावला. आता रेपो ५.२५ धरून मला ८.२५ पडतं आणि त्याच ब्रँचमध्ये नवीन माणसाला ७.५० देतायत. ४२ लाख बाकी, १८ वर्षं राहिलीत, सिबिल ७९० झालाय. ऑफिसर म्हणतात तीन वर्षं स्प्रेडला हात लावता येत नाही, आरबीआयचा नियम आहे, हवं तर बाकी रकमेच्या पाव टक्का कन्व्हर्जन फी भरा, बघू. मग आधी नियम आणि आता फी, हे कसं काय??

मिलिंद_ऐरोली: नियम खरा आहे, तीन वर्षं थांबावंच लागतं. नाहीतर बॅलन्स ट्रान्सफर कर.

सुनीताताई: माझ्या हाऊसिंग फायनान्स कंपनीने तर रेपो उतरला तरी व्याज उतरवलं नाही, आधी त्यांना विचारा रेपो कमी झाला तेव्हा तुमचं का नाही केलं!

कर्जविभाग_निवृत्त: ताई, तुमची केस वेगळी. रेपोला जोडायची सक्ती बँकांना आहे, हाऊसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. ह्यांचं व्याज रेपोबरोबर उतरलंय, अडलंय ते स्प्रेडवर. मिलिंद, अर्धं बरोबर. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी बँक तीन वर्षांआधीही स्प्रेड कमी करू शकते, पण सक्ती नाही. आणि स्प्रेडमधला क्रेडिट रिस्कचा भाग सिबिल चांगलाच सुधारला तर बदलता येतो, तो मुद्दा ह्यांच्याकडे आहे. तेव्हा "रेट कमी करा" म्हणू नका, स्प्रेडचा ब्रेकअप आणि रिस्क प्रीमियमचा आढावा लेखी मागा, ब्रँच मॅनेजरला ईमेलवर. सोबत दुसऱ्या बँकेचं सँक्शन लेटर जोडा, तोंडी ऑफरला कोणी विचारत नाही.

फीचा हिशोब: पाव टक्का म्हणजे १०,५०० आणि जीएसटी धरून १२,३९०. ७.५० मिळालं तर ईएमआय साधारण १,९०० ने उतरतो, म्हणजे सहासात महिन्यांत वसूल. ईएमआय तोच ठेवलात तर लोन पावणेदोन वर्षं आधी संपतं, मी तेच करेन. तरी फी माफ करा किंवा पाच हजारांवर आणा हे मागाच, मॅनेजरच्या हातात तेवढं असतं बऱ्याचदा.

घोडबंदरकर: धन्यवाद साहेब. ट्रान्सफरला दुसरी बँक प्रोसेसिंग फी शून्य म्हणतेय, मग तिकडेच जाऊ का?

कर्जविभाग_निवृत्त: फ्लोटिंगला प्रीपेमेंट चार्ज नाही, जुनी बँक अडवू शकत नाही. पण लीगल, व्हॅल्युएशन, मॉर्टगेजची स्टॅम्प ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन हे सगळं नव्याने येतं. त्यांच्याकडून की फॅक्ट स्टेटमेंट घ्या, त्यात नसलेला चार्ज तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. आणि लोनसोबत विमा गळ्यात मारतील, तो सक्तीचा नाही.

मिलिंद_ऐरोली: १ ऑक्टोबरचं माहीत नव्हतं. पण बँक नाही म्हणाली तर सक्ती नाहीच ना, मग शेवटी ट्रान्सफरच?

घोडबंदरकर: सोमवारी ईमेल टाकतो. आणि माझ्याच बँकेचं ७.५० नवीन लोनला आहे, जुन्याला तोच स्प्रेड मिळालेला कोणी आहे का इथे? असेल तर फी किती घेतली तेही सांगा.