निखिलच्या गोळ्या आणि काकांचा डबा

निखिल (बी-402): ताई, एक विचारायचं होतं. जानेवारीत फुल मॅरेथॉन आहे, आठवड्याला 70 किमी चाललंय. सकाळी एक मल्टिव्हिटॅमिन, झिंकची एक गोळी आणि व्हिटॅमिन सी 500 च्या दोन घेतो. पण गोळ्या घेतल्या की अर्ध्या तासात मळमळतं. लाँग रनच्या दिवशी तर फारच.

शुभांगी (ए-703): उपाशीपोटी घेतोस ना? दोन्ही पाकिटांच्या मागचं वाचून झिंकचे आकडे जसेच्या तसे टाक.

निखिल: हो, उपाशीपोटीच. मल्टिव्हिटॅमिनवर झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिग्रॅ. दुसरीवर एलिमेंटल झिंक 50 मिग्रॅ.

शुभांगी: पहिला आकडा क्षाराचा आहे, त्यात खरं झिंक साधारण 22.5. म्हणजे रोज 72.5 मिग्रॅ, जेवणातलं वेगळंच. आपल्याकडे पुरुषाची रोजची गरज 17 धरतात आणि प्रौढांसाठी वरची मर्यादा 40. रिकाम्या पोटी इतकं झिंक गेलं तर मळमळणारच. आणि मळमळ हा त्यातला छोटा त्रास. महिनोन्महिने जास्त झिंक घेतलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही. मग रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पायात मुंग्या येतात. किती दिवस घेतोयस?

निखिल: दिवाळीपासून. मुंग्या नाहीत.

शुभांगी: मग 50 ची गोळी आजपासून बंद. तू मटण-अंडी खातोस, तुला वेगळं झिंक कशाला?

देशपांडे काका (ए-101): आणि सी? मी कोविडपासून रोज 1000 ची फसफसणारी गोळी घेतो. सर्दी नाही!!

मंदार (सी-204): काका, कोविडपासून तुम्ही गर्दीतच गेला नाहीत 😄

सेक्रेटरी: उद्या 11 ते 2 टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवा.

शुभांगी: काका, तुमचं नंतर, आधी निखिलचं. सी रोज घेऊन सर्वसाधारण माणसाला सर्दी कमी वेळा होते असं हजारो लोकांवर तपासूनही दिसलं नाही. पण मॅरेथॉनवाले, बर्फात स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा साधारण 600 जणांच्या पाच चाचण्यांत सर्दी निम्म्यावर आली. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या 90 किमीच्या शर्यतीचा अभ्यास 1993 मध्ये छापून आला. शर्यतीआधी तीन आठवडे रोज 600 मिग्रॅ घेतलेल्यांपैकी 33 टक्क्यांना नंतरच्या दोन आठवड्यांत सर्दी-घशाचा त्रास झाला, साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी 68 टक्क्यांना. सर्दी झाल्यावर सुरू केली तर मात्र भरवशाचा फायदा नाही.

निखिल: म्हणजे माझं बरोबर!

शुभांगी: शेवटच्या तीन आठवड्यांपुरतं, आणि तेव्हाही दोन नाही, एकच गोळी. आत्ता नको. नॉर्वेत 11 आठवडे रोज 1000 मिग्रॅ सी आणि सोबत व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं. दमसास दोन्ही गटांत सारखाच वाढला, पण सरावाने स्नायूत जे बदल होतात त्यांच्या खुणा गोळ्या घेणाऱ्यांत फिक्या पडल्या. धावताना तयार होणारा जो ताण आपण गोळीने विझवतो, तोच स्नायूला 'सुधार' असा निरोप देत असतो. एक मोठा पेरू खा, त्यात तुझ्या दिवसाच्या गरजेहून जास्त सी आहे.

काका, तुम्हाला गेल्या वर्षी मुतखडा झाला होता ना? जादा सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो. तुमची गोळी बंदच करा.

देशपांडे काका: डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं.

मंदार: तुम्ही सांगितलंत का?

देशपांडे काका: …

वैशाली (डी-305): ताई, आमची सई ज्युडो खेळते. शाकाहारी आहे, वजनी गटासाठी महिनाभर अर्धंमुर्धं जेवते. तिलाही मल्टिव्हिटॅमिन बंद करू का?

शुभांगी: नको वहिनी! पोट भरून खाणाऱ्याची मल्टिव्हिटॅमिन बहुतेक पिवळ्या लघवीत जाते. पण सईचं जेवणच कमी आहे, तिला ते महिनाभर रोज एक, जेवणानंतर, चालू दे. मात्र त्यात लोह आणि बी-12 बहुधा नावापुरतं असतं. सरावात लवकर धाप लागते का? पाळी जास्त जाते का?

वैशाली: दोन्ही.

शुभांगी: मग लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासा. सर्दी-ताप असताना नको, तेव्हा फेरिटिन उगाच जास्त येतं. लोह कमी निघालं तर डॉक्टरांकडून वेगळी गोळी घ्या, चहापासून दूर ठेवा. झिंकसाठी मटकीला नीट मोड आणा. कडधान्यात झिंकला धरून ठेवणारं फायटेट मोडामुळे कमी होतं.

निखिल: ताई, झिंकच्या दोन स्ट्रिप्स न फोडलेल्या आहेत. मेडिकलवाला परत घेईल?

देशपांडे काका: माझ्या सीच्या डब्याचंही विचार रे. अर्धा भरलाय.

सेक्रेटरी: ग्रुपवर खरेदी-विक्री करू नये.