मदत हवी आहे: फॉल्ट संपल्यावर इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतात

आमच्या सोलर प्लांटजवळच्या लाइनवर तिन्ही फेजचा फॉल्ट आला आणि व्होल्टेज ४० टक्क्यांवर घसरलं. इन्व्हर्टर टिकून राहिले. के-फॅक्टर २ असल्याने ६० टक्के घसरणीला १२० टक्के रिअ‍ॅक्टिव्ह करंट लागतो, म्हणून ते थेट १०० टक्क्यांच्या मर्यादेवर गेले. इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं.

पण फॉल्ट तुटून व्होल्टेज परत येताच काही इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाले. रेकॉर्डरमध्ये व्होल्टेज परत आल्यानंतरही काही क्षण रिअ‍ॅक्टिव्ह करंट चालूच दिसतो. आमचं ग्रिड कमकुवत आहे, त्यामुळे तेवढाही करंट व्होल्टेज वर ढकलतो.

मला दोन शंका आहेत. इन्व्हर्टरचं व्होल्टेज मोजणारं फिल्टर संथ असावं, किंवा फॉल्टच्या वेळी प्लांट कंट्रोलर गोठवला न गेल्याने त्याचा इंटिग्रेटर भरून वाढीव आदेश देत असावा. रेकॉर्डवरून यातलं नेमकं कारण कसं ओळखायचं? के कमी करून हे सुटेल का? मला तसं वाटत नाही.